अनुवाद तपासताय? मूळ मराठी उघडूच नका

इंग्रजी अनुवाद तपासायला आलाय ना, मग पहिली गोष्ट म्हणजे मूळ मराठी बाजूला ठेवा, उगाच डोक्याला ताप कशाला. इंग्रजी सरळ वाचता आलं, स्पेलिंग बरोबर दिसलं की टिक मारा अन् बर्डीवर तर्री पोहे खायला निघा.

मी हेच केलं. आमच्या आजीच्या आठवणी, अमेरिकेतल्या नातवंडांसाठी इंग्रजीत. आजीचं वाक्य होतं, 'बंडू परवा येऊन राहिला म्हणे.' इंग्रजीत झालं, 'बंडू केम अँड स्टेड द डे बिफोर यस्टरडे.' किती सुंदर, ग्रामर एकदम चोख! आता नागपुरात 'येऊन राहिला' म्हणजे येतोय, राहिला-बिहिला काही नाही, हे कशाला बघायचं? अन् परवा मागचा की पुढचा हे क्रियापदच सांगतं, ते चुकलं की येणारा माणूस येऊन गेलेला होतो. 'म्हणे' तर गाळाच, दोन अक्षरं तर आहेत. आजीनं ऐकीव गोष्ट सांगितली होती, इंग्रजीत ती डोळ्यानं पाहिल्यासारखी झाली, शेवटी नुसतं 'आय हिअर' जोडलं असतं तरी भागलं असतं, पण तेवढा वेळ कोणाकडे आहे बाप्पा.

फारच हुशारी करायची असेल तर इंग्रजी दुसऱ्या कोणाला देऊन परत मराठीत करून घ्या, अन् जुळलं की डोळे मिटून पास करा. पुढचं वाक्य होतं, 'पोरगी म्हणते, माय, डोकं नको खाऊ.' इंग्रजीत 'डोन्ट ईट माय हेड', परत मराठीत आणलं तर 'डोकं खाऊ नको', शंभर टक्के मॅच! ही युक्ती अर्थ घसरला असेल तर पकडते, शब्दाला शब्द ठेवलेला असला की उलट त्यालाच पैकीच्या पैकी मार्क देते. म्हणून मराठी न येणाऱ्या माणसाला नुसतं इंग्रजी वाचायला चुकूनही देऊ नका, तो लगेच अडखळतो अन् विचारतो की ही बाई काय खाऊन राहिली. आपल्याला काहीच खटकत नाही, कारण इंग्रजी वाचताना आत मराठीच ऐकू येत असते (माझं तर नक्कीच).

अन् सूर वगैरे भानगडीत तर पडूच नका. आजी बंडूला लाडानं म्हणाली होती, 'मेल्यानं एक फोन नाही केला.' इंग्रजीत 'द डेड मॅन डिड नॉट मेक वन फोन कॉल.' शिवी कोणाला, कोणत्या आवाजात, हसून की चिडून, हे पाहून 'द रास्कल' लिहिलं असतं तर प्रेम तरी उरलं असतं, पण डिक्शनरीत मेला म्हणजे डेड, विषय संपला.

पुस्तक छापून तिकडे गेलं. परवा (मागच्या) भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, बिचारा अगदी हळू आवाजात म्हणाला, 'बंडूमामा कधी गेला, मला कोणी सांगितलं पण नाही.' बंडूमामा माझ्याच बाजूला बसून दुसरी प्लेट संपवून राहिला होता.