प्रतिक्रियेला उत्तर: रिलीजमधला ‘बदल’ आणि उजवीकडची चमकी

वाचकाची प्रतिक्रिया: लेख वाचला. उगाच घाबरवता लोकांना. रिलीजमध्ये ‘फोटोत आवश्यक ते बदल करण्याचा अधिकार’ असं लिहिलेलं असतंच, त्यात चेहरा बदलणंही आलंच. शंभराचा स्टँप बंद झालाय, तेही तुम्हाला माहीत नाही. छोट्या फोटोग्राफरला तुमचे पाच पानी कागद परवडत नाहीत. थोडा अभ्यास करून लिहीत चला.

उत्तर:

नमस्कार. मॉडेलचा चेहरा दुसऱ्या शरीरावर लावायचा तर रिलीजमध्ये, म्हणजे फोटो वापरायला मॉडेल सही करून देते त्या कागदात, त्यासाठी वेगळा परिच्छेद हवा, असं मी लेखात लिहिलं होतं. आधी स्टँपचं, ते तुमचं बरोबर आहे. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या जागी ५०० रुपयांचा झाला. जुन्या सवयीने शंभर लिहून गेलो, लेखात दुरुस्त केलंय. आभार.

आता ‘अभ्यास करून लिहीत चला’. मुद्दा तुमचा चार ओळींत मांडून झाला होता, ही पाचवी ओळ कशासाठी होती ते आपल्या दोघांनाही कळतं. २००३ मध्ये मी अंधेरीत एका फोटोग्राफरकडे रिफ्लेक्टर धरायला लागलो. पुढे प्रॉडक्शन आणि मग कास्टिंगची कागदपत्रं, आजतागायत. मेकअप व्हॅनच्या पायरीवर बसून मुलींना रिलीज वाचून दाखवलीत मी. त्याला अभ्यास म्हणायचं नसेल तर नका म्हणू.

तुमचा सगळा भार ‘त्यात आलंच’ या दोन शब्दांवर आहे. मीही एके काळी हेच म्हणायचो. म्हणून २०१६ चा किस्सा सांगतो. पार्टीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

साड्यांचं कॅटलॉग. दोन दिवसांचं शूट, ४२ साड्या, एक मॉडेल. तिच्या रिलीजमध्ये यूसेज, म्हणजे फोटो वापरायची परवानगी, एक वर्षाचा होता, दुकानातले फ्लेक्स आणि छापील कॅटलॉग एवढ्यापुरताच. वर्ष संपलं आणि तिचं काम बघणाऱ्या को-ऑर्डिनेटरने रिन्यूअलचे पैसे मागितले. क्लायंटला ते जड वाटले. कुणीतरी डोकं चालवलं की चेहराच बदलू, मग रिन्यूअल कसलं? दुसऱ्या एका मुलीचा चेहरा आमच्याच हार्ड डिस्कवर होता, एका हॉस्पिटलच्या माहितीपत्रकासाठी काढलेला. तिच्या रिलीजमध्ये तुमचंच वाक्य होतं, शब्दाला शब्द. ‘आवश्यक ते बदल.’ बसवला चेहरा.

फोटो पाठमोरा होता, मान वळवून कॅमेऱ्याकडे बघणारा, खोल पाठीचं ब्लाउज. साडीच्या शूटचा प्रकाश डावीकडून आलेला आणि हॉस्पिटलच्या शूटचा उजवीकडून, म्हणून रिटचरने चेहरा उलटा फिरवून घेतला. मानेचा रंग जुळवला, जोड लपवायला केसांची एक बट पुढे आणली. काम सफाईदार होतं, हे मान्य करायला हवं. पण चेहरा फिरवला की नाकातली चमकीही फिरते. कोल्हापुरात होर्डिंग लागलं, त्या मुलीच्या आईने ते बघितलं आणि तिला फोन करून पहिला प्रश्न विचारला, ‘चमकी उजवीकडे कशी गं टोचलीस?’ दुसरा प्रश्न ब्लाउजचा होता. पाठ उघडी टाकणारे कपडे घालणार नाही असं त्या मुलीने लुक टेस्टच्या फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी पहिल्या मॉडेलचा को-ऑर्डिनेटर ऑफिसात हजर. खांद्यामागचा तीळ तसाच राहिला होता, त्यावरून तिने स्वतःची पाठ ओळखली होती.

म्हणजे एकाच फोटोत दोन बायका, आणि दोघींपैकी एकीचीही परवानगी नाही. पहिलीची मुदत संपलेली. चेहरा काढल्याने संपलेली मुदत परत येत नाही, कारण तिच्या कागदात ‘या शूटचे फोटो किंवा त्यांचा कोणताही भाग’ असं होतं. तिथे ‘मी ओळखू येईन असे फोटो’ असं असतं तर क्लायंटला वाद घालायला जागा तरी होती. दुसरीची सही हॉस्पिटलच्या फोटोसाठी. तिच्या कागदातला ‘बदल’ हा त्या फोटोतला बदल. तिचा चेहरा उचलून तिने कधी घातलंच नाही अशा ब्लाउजवर, परक्या पाठीवर ठेवणं हा त्या फोटोतला बदल नाही, तो नवाच फोटो आहे. आणि त्यासाठी तिला कुणी विचारलं नव्हतं.

आणि आता मला सांगायला लाज वाटते तो भाग. ती सही मीच घेतली होती. तिने ‘बदल’ या शब्दावर बोट ठेवून विचारलं होतं, ‘म्हणजे पिंपल वगैरे काढणं ना?’ मी म्हणालो होतो, ‘हो, तेवढंच.’ १८७२ चा करार कायदा, कलम १३ काढून बघा. दोघं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी होतात तेव्हा तिला संमती म्हणतात. त्या दिवशी अर्थ ठरला होता पिंपल. तुमच्या मॉडेल सही करताना कोणता अर्थ धरतात, कधी विचारलंय?

प्रकरण कोर्टात गेलं नाही. चार दिवसांत होर्डिंग उतरवली, पहिलीला पूर्ण वर्षाच्या यूसेजचे पैसे दिले, दुसरीला दोन दिवसांचं मानधन. रिन्यूअलच्या दुप्पट खर्च झाला, फ्लेक्सची छपाई वेगळीच.

इंटरनेटवरून उतरवलेल्या अमेरिकन नमुन्यांत ‘कंपोझिट’, म्हणजे वेगवेगळ्या फोटोंचे भाग जोडून केलेलं चित्र, हा शब्द बऱ्याचदा असतो. तो असेल तर तुमची बाजू थोडी बळकट होते, हे मी मानतो. तुमच्या वाक्यात तो नाही. शिवाय त्याच अमेरिकेत, न्यूयॉर्कमध्ये, जून २०२५ पासून मॉडेलची डिजिटल प्रतिकृती वापरायची तर एजन्सीला वेगळी लेखी संमती घ्यावी लागते, आणि व्याप्ती, हेतू, मोबदला, मुदत हे सगळं तिच्यात लिहावं लागतं. आपल्याकडे परवानगीशिवाय चेहरा वापरण्याविरुद्ध अनिल कपूर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्यांना मनाई हुकूम मिळाला. कोल्हापूरच्या मुलीच्या चेहऱ्याला ते वलय नाही. तिच्याकडे तो कागदच आहे.

छोट्या फोटोग्राफरचं म्हणाल, तर पाच पानं कोण म्हणालं? लेख पुन्हा वाचा. मी एका परिच्छेदाबद्दल लिहिलं होतं. त्या किश्श्यानंतर मी ज्याचा चेहरा लावायचा त्याच्याकडून घेतो तो हा:

‘माझा चेहरा सोबत जोडलेल्या चित्रातील व्यक्तीच्या शरीरावर लावण्यास माझी संमती आहे. ही संमती फक्त या चित्रासाठी, या उत्पादनासाठी, या माध्यमांसाठी आणि या तारखेपर्यंत आहे. तयार चित्र मला दाखवून माझा लेखी होकार मिळाल्याशिवाय ते छापले जाणार नाही. या कामाचे मानधन शूटच्या मानधनाहून वेगळे आहे.’

आणि जिचा चेहरा काढायचा तिच्याकडून:

‘माझा चेहरा काढून दुसरा लावण्यास माझी संमती आहे. उरलेल्या चित्राला मूळचीच मुदत लागू राहील, चेहरा बदलल्याने ती वाढणार नाही.’

चित्र जोडलेलं म्हणजे खरोखर जोडलेलं, छोटं प्रिंट, त्याच्यावर तिची सही. नुसतं वर्णन लिहिलं की ‘पारंपरिक वेशात’ या दोन शब्दांत खोल पाठही बसते. आणि सही मेकअपला बसायच्या आधी. लाइट लागलेत, क्लायंट घड्याळ बघतोय, अशा वेळी कुणीही कशावरही सही करतं. तुम्ही त्याच वेळी घेत असणार, असा माझा अंदाज. चुकीचा असेल तर माफ करा.

पुढची प्रतिक्रिया टाकाल तेव्हा तुमच्या रिलीजमधला तो परिच्छेद जसाच्या तसा टाका, पार्टीचं नाव खोडून. मग बोलू.