ओट्यामागचे १०८ फूट

आमच्या घरात कामाची वाटणी पक्की आहे. फोडणी आई देते, मीठ कमी आहे हे बायको सांगते आणि नंतर भिंत मी पुसतो. त्यामुळे स्वयंपाकघराचं काम काढल्यावर ओट्यामागे कुठल्या टाइल्स लावायच्या, या विषयातला घरातला एकमेव तज्ज्ञ मी होतो. पण तज्ज्ञाला विचारतंय कोण!

बरं, भिंतीवर उडणारं तेल म्हणजे नुसतं तेल असतं तर तक्रार नव्हती. ओला कढीपत्ता कढईत पडला की त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तेलाला घेऊन वर उडते. ताजा शिंतोडा कोमट पाण्याने आणि भांड्याच्या साबणाने निमूट निघतो. तसाच राहिला की मात्र शेगडीची धग आणि हवा मिळून त्याचं रोगण करतात. चिकट, पिवळं, नखाने खरवडावं लागेल असं. त्यात आमच्याकडे हृदयाला चांगलं म्हणून करडईचं तेल. शेंगदाण्याच्या तेलापेक्षा ते फार लवकर असं वाळतं. रंग आणि रोगण करायला करडई वापरतात ती उगाच नाही. म्हणजे आमची हृदयं ठणठणीत आणि भिंतीला रोज एक हात व्हार्निश.

दुकानातल्या मुलाला मी सांगितलं, "तेल उडणार आहे, पुसायला सोपी दाखवा." त्याने लगेच खडबडीत, दगडासारखी दिसणारी मॅट टाइल काढली. "साहेब, सध्या हीच चालतेय."

"चालतेय, पण पुसतेय का?"

मी खिशातून पेन्सिल काढली. टाइलवर पेन्सिलीने गिरगटायचं आणि ओल्या फडक्याने पुसायचं, एवढीच परीक्षा. चकचकीत टाइलवरचं गिरगटणं एका हातात गेलं. त्या दगडी टाइलवर मात्र प्रत्येक खळग्यात शिसं जाऊन बसलं, आणि जितकं पुसावं तितकं ते राखाडी होऊन पसरू लागलं. जिथे शिसं बसतं तिथे तेल बसणारच. सगळ्याच मॅट टाइल्स नापास होतात असं नाही. हाताला गुळगुळीत लागणारी एक पासही झाली. पण मुलाचं लक्ष परीक्षेत नव्हतं. ती डिस्प्लेची टाइल होती.

मग त्याने मला व्हिट्रिफाइडकडे वळवलं. फार मजबूत, पाणी पीत नाही, वजन पेलते वगैरे. हे सगळं खरं असेल, पण भिंतीवर पाल सोडून चालतंय कोण? तेलाची गाठ फक्त वरच्या चकाकीशी पडते. साध्या सिरॅमिक टाइलचं पोट मागून पाणी पितं हे खरं, पण पुढची चकाकी काचेसारखीच असते. ओट्यामागे तेवढी पुरते.

टाइलचा निकाल लागला असं वाटत असतानाच बायकोला कोपऱ्यात छोट्या, विटांसारख्या पांढऱ्या टाइल्स दिसल्या. ३ बाय ६ इंचांच्या. "किती गोड आहेत!" या सबवे टाइल्स. १९०४ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत बसवल्या होत्या त्या जातीच्या. पुसायला उत्तमच, वादच नाही. फक्त त्या फलाटावर कुणी रोज मोहरी तडतडवत नव्हतं.

कारण तेल खरं मुरतं ते टाइलमध्ये नाही, सांध्यात. जुन्या भिंतीत शेगडीच्या मागचे सांधे मूळचे पांढऱ्या सिमेंटचे होते, यावर आता कुणी विश्वास ठेवला नसता. सिमेंट तेल पितं, तेलाबरोबर हळद पितं, आणि वर साबण लावला की हळद लाल होते. मी पुसायला गेलो की भिंतीची कुणीतरी ओटी भरल्यासारखी दिसायची.

म्हणून रात्री कागद घेऊन बसलो. ओटा १० फूट लांब, वरच्या कपाटापर्यंतची उंची २ फूट. ३ बाय ६ च्या विटा एकावर एक सरळ लावल्या तर ८ ओळी, म्हणजे मधले आडवे सांधे ७, प्रत्येकी १० फूट. झाले ७०. प्रत्येक ओळीत २० टाइल्स, म्हणजे १९ उभे सांधे, पाव फुटाचे. आठ ओळींचे मिळून ३८. एकूण १०८ फूट.

"एकशे आठ?" आई जपाची माळ ओढता ओढता थांबली. "आकडा चांगला आहे."

चांगला होता, पण जप मला करावा लागणार होता, टूथब्रश घेऊन. त्याऐवजी १ बाय २ फुटांच्या मोठ्या टाइल्स उभ्या लावल्या तर १० टाइल्स, ९ सांधे, २ फुटांचे. एकूण १८ फूट. गंमत म्हणजे याच टाइल्स आडव्या लावल्या तरी बेरीज १८ च येते. पण मग त्यातली १० फुटांची एक सलग रेघ ओट्यापासून बरोबर एक फुटावर जाते. शेगडीवर कढई ठेवली की काठ कुठे येतो ते बघा. ऐन शिंतोड्यांच्या वाटेवर! म्हणून उभ्याच. बायकोने कागद दोनदा तपासला, चूक सापडली नाही, आणि त्याचा राग तिने डिझाइन निवडण्याचा हक्क स्वतःकडे घेऊन काढला. मी लगेच दिला. फळांच्या टोपल्या नि वाफाळते कप छापलेल्या टाइल्स तिलाही आवडत नाहीत, हे मला माहीत होतं.

टाइल्स लागल्यावर मिस्त्री सांध्यांसाठी पांढरं सिमेंट कालवायला बसला. मी इपॉक्सीचा डबा पुढे केला. "साब, इसकी क्या जरूरत? किचन है, हॉस्पिटल थोडी है," तो म्हणाला. त्याच्या नाराजीचं कारण नंतर कळलं. इपॉक्सी महाग तर असतंच, शिवाय त्यातले दोन भाग एकत्र केले की घड्याळ सुरू होतं. थोडंथोडंच कालवायचं, सांध्यात दाबायचं आणि टाइलवर सांडलेलं लगेच पुसायचं. वाळलं की त्याचा पांढुरका पापुद्रा टाइलवरून सहजी निघत नाही. चहासाठी उठायची सोय नाही. पण दुसऱ्या दिवशी सांध्यावर पाण्याचा थेंब सोडला तर तो मण्यासारखा तसाच बसून राहिला. सिमेंट असतं तर थेंब आत गेला असता आणि तिथे काळपट डाग दिसला असता. ओटा आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन भरून घेतलं. ओटा कणभर हलतोच, आणि तिथे कडक काही भरलं की तडा जातो.

आता भिंत एका हातात पुसली जाते. साबणाचं फडकं, मग ओलं, मग कोरडं. हे कोरडं चुकवायचं नाही, चकचकीत टाइलवर ओल्या फडक्याचे फराटे वाळून दिसतात. हे फराटे कुणाला दिसलेही नसते. पण बायकोने वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी लावून घेतली आहे. तिचा उजेड भिंतीवरून तिरका उतरतो आणि तेलाचा प्रत्येक कण सावलीसकट उभा राहतो. आधी भिंत रविवारी पुसायचो; आता जेवायला बसलो की हॉलमधूनच आवाज येतो, "अरे, उजवीकडून तिसऱ्या टाइलवर बघ, वरणाच्या फोडणीचं काहीतरी राहिलंय."