चुंबक आणि पितळी मूर्ती : एक खुलासा

«मूर्तीला चुंबक चिकटला नाही, म्हणजे ती भरीव पितळेचीच आहे.»

या परीक्षेतून आत लोखंड नाही एवढेच कळते. जस्ताच्या मिश्रधातूला किंवा ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही, आणि पितळेचा मुलामा दिलेल्या स्वस्त मूर्ती बहुधा याच धातूंच्या असतात.

खरा उलगडा वजनातून होतो. काठोकाठ भरलेल्या भांड्यात मूर्ती दोऱ्याने पूर्ण बुडवावी, सांडलेले पाणी मोजावे आणि मूर्तीच्या वजनाला त्याने भागावे. समजा, ६४० ग्रॅमच्या नंदीने ९६ मिलिलिटर पाणी सांडले, तर उत्तर सुमारे ६.७ येते, ते जस्ताच्या मिश्रधातूशी जुळते. पितळेचे उत्तर साधारण ८.४ ते ८.७, तांब्याचे ९ च्या जवळ आणि ॲल्युमिनियमचे २.७ असते. मात्र मूर्ती आतून पोकळ व बुडाशी बंद असेल, किंवा आत हवेचे बुडबुडे अडकले असतील, तर अस्सल पितळेचाही आकडा घसरतो.

तळाची झिजलेली कडाही पाहावी (दुकानात तेवढेच शक्य असते): तिथे राखाडी-पांढरा धातू डोकावत असेल, तर वरचा पिवळेपणा मुलाम्याचा आहे. अशा मूर्तीला चिंच किंवा पितांबरी घासल्यास मुलामाच निघून जातो, म्हणून ती ओल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरडी करावी. भरीव पितळेला मात्र चिंच चालते, फक्त त्यावर लॅकरचा थर नसावा.