परत आलेल्या पार्सलचा खर्च कोणाच्या नावावर मांडायचा?

ऑनलाइन विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्याला "एका ऑर्डरमागे किती सुटतात?" असे विचारले, तर तो बहुधा लगेच एक आकडा सांगतो. मीही सांगत असे. विक्रीच्या किमतीतून मालाची किंमत, कमिशन, शिपिंग आणि पॅकिंग वजा केले की उरेल तो नफा, अशी माझी सरळ समजूत होती आणि वहीतला आकडाही समाधानकारक असे. फक्त महिनाअखेरीस बँकेतली शिल्लक त्या आकड्याशी कधीच जुळत नसे. बरेच दिवस मी त्याचा दोष किरकोळ खर्चांना दिला. चूक वजाबाकीत नव्हती, भागाकारात होती, हे फार उशिरा लक्षात आले.

एक उदाहरण घेऊन बोलू. चलन मुद्दाम लिहीत नाही, ज्याने त्याने आपले धरावे. वस्तू टेबलावर ठेवायचा छोटा दिवा आहे. विक्रीकर बाजूला काढल्यावर विक्रीची किंमत १०००. (कराची रक्कम आपल्या खात्यातून फक्त फिरून जाते, म्हणून ती आधीच वेगळी काढलेली बरी.) आपल्या जागेपर्यंत पोहोचलेल्या मालाची किंमत ४८०. कमिशन १५ टक्के, म्हणजे १५०. प्लॅटफॉर्मचे ठरीव शुल्क आणि पैसे वसुलीचे शुल्क मिळून ३०. शिपिंग ८०. पॅकिंग २५. वजा जाता उरतात २३५. वर्षभर माझ्या वहीत हाच आकडा "प्रति ऑर्डर नफा" म्हणून बसला होता.

यातला पॅकिंगचा २५ हा आकडासुद्धा सहजासहजी मिळालेला नाही. खोका कितीचा हे सगळ्यांना माहीत असते, पण चिकटपट्टी, बबल रॅप, लेबलचा कागद आणि छपाई यांचा खर्च डोळ्यांना दिसत नाही. एकदा मी पट्टी मोजली. एका पार्सलला साधारण दीड मीटर लागते, म्हणजे ६५ मीटरचा रोल ४३ पार्सलांत संपतो. मी मात्र मनाशी शंभर धरले होते. तेव्हापासून अंदाज करणे सोडले. महिनाभरात पॅकिंगचे जेवढे सामान वापरले गेले त्याच्या एकूण खर्चाला पाठवलेल्या पार्सलांच्या संख्येने भागायचे, एवढेच करतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वरचे २३५ हे फक्त त्या ऑर्डरचे आहेत, जी ग्राहकाकडे पोहोचली आणि त्याच्याकडेच राहिली. पाठवलेल्या १०० पार्सलांपैकी २० परत येतात असे धरू. त्यातली ८ ग्राहकाच्या हाती न पडताच परत फिरतात, कारण पत्ता सापडत नाही, फोन लागत नाही किंवा दारात आलेले पार्सल नाकारले जाते. उरलेली १२ ग्राहकाने उघडून, पाहून परत केलेली असतात. दोन्हींना आपण "रिटर्न" म्हणतो, पण दोन्हींचा खर्च अगदी वेगळा असतो आणि तो एकाच रकान्यात टाकला की पुढचे सगळे धूसर होते.

न पोहोचलेल्या पार्सलात कमिशन आणि शुल्क परत मिळाले आणि परतीच्या प्रवासाचे वेगळे पैसे कापले गेले नाहीत, असे धरू. तरी जातानाचे शिपिंग ८० आणि पॅकिंग २५ गेलेच, म्हणजे एका पार्सलामागे १०५ आणि आठांमागे ८४०. या अटी प्रत्येक प्लॅटफॉर्मवर सारख्या नसतात. आपल्याकडून नेमके काय कापले जाते हे दरपत्रकावरून ठरवू नये. प्लॅटफॉर्म पैसे जमा करताना जो ऑर्डरवार हिशेब देतो, त्या सेटलमेंटच्या फाइलमध्ये परत आलेल्या चार-पाच ऑर्डरींच्या सगळ्या ओळी शोधून पाहाव्यात.

ग्राहकाने परत केलेल्या पार्सलात जातानाचे ८०, येतानाचे ९०, पॅकिंगचे २५ आणि परत न मिळणारे ३० शुल्क, असे २२५ जातात. बारांचे २७०० झाले. शिवाय वस्तूची अवस्था पाहावी लागते. परत आलेला खोका मी टेबलावर ठेवून उघडतो, तेव्हा त्याच्या बाजूवरूनच बरेच कळते. मूळ पट्टीवर दुसरी पट्टी असते, कोपरे दबलेले असतात, दिव्याची वायर आपण गुंडाळली होती तशी नसते, आणि कधी तळाशी एक बारीक ओरखडा असतो जो फोटोत येत नाही, पण पुढच्या ग्राहकाला नक्की दिसतो. अशा बारांतले तीन नवे म्हणून विकता येत नाहीत असे धरले, तर त्यांच्या मालाचे ४८० प्रमाणे १४४० गेले.

आता बेरीज. राहिलेल्या ८० ऑर्डरींचे प्रत्येकी २३५ प्रमाणे १८,८०० आले. परत आलेल्या वीसांनी ८४०, २७०० आणि १४४०, म्हणजे एकूण ४९८० नेले. उरले १३,८२०. याला ८० ने भागले तर टिकलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे सुमारे १७३ पडतात, आणि १०० ने भागले तर पाठवलेल्या प्रत्येक पार्सलामागे १३८. वहीत २३५ आणि हातात १३८, ही तफावत मी "किरकोळ खर्च" म्हणून विसरू पाहत होतो.

या दोनपैकी कोणता आकडा वापरायचा? माझे मत स्पष्ट आहे: निर्णय घेताना १३८ वापरावा. कारण पार्सल पाठवताना ते टिकणार की परत येणार, हे आपल्याला माहीत नसते. जाहिरातीचा खर्चही परत येणाऱ्या ऑर्डरवर तितकाच होतो, तेव्हा एका ऑर्डरमागे जाहिरातीला किती देणे परवडेल याची कमाल मर्यादा १३८ आहे. २३५ किंवा १७३ धरून जाहिरात लावली, तर विक्री वाढत असतानाच पैसे संपत जातात.

सवलतीच्या बाबतीत हा आकडा आणखी बोलका होतो. किंमत १० टक्क्यांनी उतरवून ९०० केली, तर कमिशनही १५ ने उतरते, म्हणून नफा ८५ ने कमी होऊन २३५ चा १५० होतो. रिटर्नचा खर्च मात्र एका पैशानेही कमी होत नाही. कुरिअर सवलत पाहून पैसे घेत नाही. म्हणजे ८० ऑर्डरींचे १२,००० आले, त्यातून तेच ४९८० गेले आणि उरले ७०२०. पाठवलेल्या पार्सलामागे १३८ चे ७० झाले. आधीइतकेच १३,८२० मिळवायला आता १०० ऐवजी १९७ पार्सले पाठवावी लागतील, तीही रिटर्नचे प्रमाण वाढले नाही तर. दहा टक्क्यांच्या सवलतीने दुप्पट विक्री होईल का, हा प्रश्न सवलत देण्याआधी विचारायचा असतो. मी तो सवलत संपल्यावर विचारला होता.

शिपिंगबद्दल थोडेसे. हवेने भरलेल्या मोठ्या खोक्याचे पैसे कुरिअर आकारमानावर घेते. बरेच कुरिअर लांबी, रुंदी आणि उंचीच्या सेंटिमीटरमधल्या गुणाकाराला ५००० ने भागून येणारे किलो वजन धरतात. ३० बाय २० बाय १५ चा खोका १.८ किलो ठरतो, आत दिवा ६०० ग्रॅमचा असला तरी. म्हणून मी २४ बाय १६ बाय १० चा खोका घेतला. तो पाऊण किलोच्या थोडा वर बसतो आणि पार्सलामागे २० वाचले. शंभरामागे २००० वाचल्याच्या आनंदात मी मोडतोड मोजायला विसरलो. कडेला गादी कमी राहिल्याने शंभरात तीन दिवे जास्त फुटून परत आले. फुटलेल्या प्रत्येक दिव्यामागे मालाचे ४८०, परतीचे २२५ आणि हुकलेला २३५ नफा, म्हणजे ९४० गेले. तिघांचे २८२० झाले. खोका लहान करणे चुकीचे नव्हते, पण बचतीचा हिशेब रिटर्नच्या रकान्यापर्यंत नेला नाही ही चूक होती. पुढे उंची दोन सेंटिमीटरने वाढवून तळाला जाड पुठ्ठा घातला. तो खोका ०.९ किलोच्या थोडा वर ठरतो, म्हणजे एक किलोच्याच टप्प्यात राहतो, आणि जादा मोडतोड थांबली.

रिटर्नचे प्रमाण काढताना एक फसगत हमखास होते. परत येणारे पार्सल ज्या महिन्यात परत येते, त्याच महिन्यातल्या ऑर्डरचे नसते. समजा मागच्या महिन्यात १०० ऑर्डर होत्या आणि त्यांतली २० पार्सले या महिन्यात परत आली. या महिन्यात ऑर्डर २०० झाल्या. या महिन्याचे रिटर्न भागिले या महिन्याच्या ऑर्डर, असे केले तर १० टक्के दिसतात. खरे प्रमाण २० टक्केच असते, आणि वाढत्या धंद्यात ही चूक सतत आपल्याच बाजूने होत राहते. पुढे विक्री मंदावली की हेच प्रमाण अचानक फुगून दिसते आणि माणूस घाबरून भलतेच काही बदलतो. उपाय कंटाळवाणा आहे: परत आलेल्या प्रत्येक पार्सलाचा ऑर्डर क्रमांक पाहून ते मूळ ऑर्डरच्या महिन्यात नोंदवायचे आणि परतीची मुदत उलटेपर्यंत त्या महिन्याचा हिशेब उघडा ठेवायचा. माझा हिशेब त्यामुळे नेहमी दीड महिना मागे असतो, पण तो खरा असतो.

हे सगळे एकेका वस्तूसाठी वेगळे करावे लागते, नाहीतर चांगली वस्तू वाईट वस्तूला झाकते. आपल्या उदाहरणात एक रिटर्न सरासरी २४९ ला पडतो, म्हणजे टिकलेल्या एका ऑर्डरच्या नफ्याहून जास्त. रिटर्नचे प्रमाण ४८ टक्क्यांच्या पुढे गेले की काहीच उरत नाही, आणि सवलतीच्या किमतीला ही रेषा ३७ टक्क्यांवर येते. दुकानाच्या सरासरीत २० टक्के दिसत असताना एखादी वस्तू निमूटपणे या रेषेपलीकडे गेलेली असू शकते.

दिव्याच्या रिटर्नची कारणे मी शेवटी एक-एक वाचली. बारांतल्या सहांनी "फोटोत मोठा वाटला" या अर्थाचे काहीतरी लिहिले होते. पहिल्या फोटोत दिव्याशेजारी उघडी वही आणि पेन ठेवले, आणि उंची सेंटिमीटरमध्ये फोटोवरच लिहिली. पुढच्या शंभरात ग्राहकांकडून परत आलेली पार्सले बारावरून सहावर आली. वरच्याच दरांनी मांडले तर १३,८२० चे १७,३०० होतात. एवढीच वाढ किंमत चढवून मिळवायची असती, तर दिवा १०५१ ला विकावा लागला असता.