‘तपासणी नॉर्मल आली’ म्हणजे नेमकं काय तपासलं होतं?

आज आरोग्य मेळाव्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या एका बाईंचं भाषण ऐकलं. सगळं छान चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, "मला संबंधानंतर रक्त जायचं," आणि सूत्रसंचालकांनी लगेच माइक हातात घेतला. "ताई, पुरुषमंडळीही बसलीत, जरा जपून." डोकंच फिरलं माझं. अहो, त्या दोन तासांत कामाचं असं तेच एक वाक्य होतं! बाकी भाषणं ‘वेळेवर तपासणी करा’ यापुढे गेलीच नाहीत. कोणती तपासणी, कोणी करायची, कशासाठी, यावर चकार शब्द नाही.

बाई मात्र थांबल्या नाहीत. आणि त्यांनी जे सांगितलं ते तपासणीच्या प्रचाराला थोडं अडचणीचंच आहे. तपासणी करूनही त्यांचे सात महिने गेले होते.

वय बावन्न, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. आधी पाण्यासारखं अंगावरून जाऊ लागलं, त्याला वास यायचा. मग संबंधानंतर रक्ताचा डाग. पहिल्यांदा पांढऱ्याच्या गोळ्या मिळाल्या, त्या संपल्यावर पुन्हा त्याच मिळाल्या. कोणी टेबलावर झोपवून आतून पाहिलंच नाही. पुढे सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं अस्तर ३ मिलिमीटर, म्हणजे पातळ. ‘पिशवी एकदम नॉर्मल आहे,’ असं सांगितलं गेलं आणि घरात सुटकेचा नि:श्वास पडला.

इथे थांबून सांगते. पाळी गेल्यावर रक्त गेलं आणि अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड नसेल, तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर असण्याची शक्यता फार कमी होते. हे खरं आहे. पण ते उत्तर अस्तराबद्दलचं आहे. गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचं तोंड, ते योनीत उतरलेलं असतं, आणि तिथली सुरुवातीची गाठ किंवा जखम सोनोग्राफीत सहज निसटते. ती दिसते डोळ्यांनी. स्पेक्युलम नावाचं साधं उपकरण योनीत घालून चांगल्या प्रकाशात पाहिलं की. पाच मिनिटांचं काम. सात महिन्यांत तेवढंच राहून गेलं होतं.

मग त्या शिबिरात गेल्या. पॅप झाला. माझा खरा राग या टप्प्यावर आहे. रिपोर्टच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं की रक्त आणि सूज यांमुळे नमुना अपुरा. खाली ‘कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत’. ज्यांनी कागद हातात दिला त्यांनी खालची ओळ वाचून दाखवली. अहो, नमुनाच अपुरा असेल तर काहीच न दिसणं म्हणजे रस्ता मोकळा असणं नव्हे! पॅपच्या रिपोर्टमध्ये आधी नमुना पुरेसा आहे की नाही तेच वाचायचं असतं. अपुरा असेल तर तो निकालच नाही. काही तक्रार नसलेल्या बाईचा पॅप अशा वेळी दोन ते चार महिन्यांत पुन्हा करतात. तक्रार असलेल्या बाईला तेवढंही थांबवायचं नसतं.

आणि नमुना पुरेसा असता तरी? पॅपमध्ये गर्भाशयमुखावरच्या पेशी ब्रशने खरवडून घेतात. गाठ मोठी झाली की तिचा पृष्ठभाग कुजतो, सहज रक्त येतं. ब्रशवर येतात मेलेल्या पेशी, रक्त आणि पू. खऱ्या बिघडलेल्या पेशी त्यात हरवतात. म्हणूनच डोळ्याला गाठ किंवा जखम दिसत असताना ‘पॅप नॉर्मल’ या शब्दांवर विसंबायचं नसतं, तिथला तुकडा काढून तपासायचा असतो. बायोप्सी. या बाईंची शेवटी तशीच झाली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाहिलं, गाठ दिसली, त्याच दिवशी ओपीडीत चिमट्याने तुकडा घेतला. तोवर आजार मुखाच्या शेजारच्या भागात पसरला होता. मग पाच आठवडे रोज रेडिएशन, आठवड्याला एक केमो, आणि शेवटी आतून देतात ते रेडिएशन.

हं, मान्य आहे, पाळी गेल्यावर डाग लागला म्हणजे कॅन्सरच असं नाही. बहुतेक वेळा कोरडेपणा, पातळ झालेली त्वचा, एखादा मस्सा असं साधं कारण निघतं. पण ते पाहूनच कळतं ना? गोळ्यांची पट्टी हातात ठेवून नाही.

शिबिरांवर मी उगाच घसरतेय असं वाटेल, म्हणून हेही लिहिते. शिबिरं हवीतच. चाळणी चाचणी ही काहीच त्रास नसलेल्या बाईसाठी असते, आणि तिथे ती कमालीची उपयोगी आहे. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूच्या टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. हाराल्ड त्सुर हाउझन यांना २००८ चं नोबेल याच शोधाबद्दल मिळालं. संसर्ग बहुतेकींचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांचा टिकतो त्यांतल्याही सगळ्यांना कॅन्सर होत नाही, आणि झालाच तर सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. इतका वेळ क्वचितच कुठला कॅन्सर देतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, तिशीपासून सुरुवात करा आणि एचपीव्ही चाचणी दर पाच ते दहा वर्षांनी करा. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून आणि जास्त वेळा. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, काडी योनीत घालून काही सेकंद फिरवायची, बस. पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असंही नाही. पुढे नीट पाहायचं, कॅन्सरपूर्व डाग असेल तर तो तिथेच उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या कडीने तेवढा भाग काढतात. बहुतेकींना भूलही फक्त त्या जागेपुरती लागते.

व्हिनेगरवाली तपासणी, म्हणजे सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग दिसतो का ते पाहायचं, ही स्वस्त आणि झटपट आहे. पण पाळी गेल्यावर ज्या पट्ट्यात बिघाड सुरू होतो तो आत सरकतो, बाहेरून दिसतच नाही. पन्नाशीपुढच्या बाईला ‘डाग नाही’ म्हणून परत पाठवणं मग कितपत खरं?

मला त्या बाईंचा शांतपणा आठवतोय. त्या कोणाला दोष देत नव्हत्या. म्हणाल्या, "मी प्रत्येक वेळी तपासणी झाली असंच समजत होते. काय तपासलं, हे विचारायला हवं हेच माहीत नव्हतं." माहीत कुठून असणार? सांगणाऱ्याचा माइक आपण काढून घेतो!

शेवटी एका आजींनी विचारलं, "माझी पिशवी काढलीय, मला आता काही नको ना?" व्यासपीठावरून ‘नको नको’ असं येणारच होतं, तेवढ्यात बाईच बोलल्या. ऑपरेशनचा कागद घरी असेल तर पाहा, मुखही काढलंय की फक्त वरचा भाग, आणि कशासाठी काढलं होतं. मुख ठेवलं असेल तर तपासणी लागते. कॅन्सरपूर्व बदलांसाठी काढलं असेल तर मुख नसलं तरी लागते. आणि रक्त जात असेल, तर कागद सापडेपर्यंत थांबू नका, उद्याच जाऊन आतून बघायला सांगा.