पोलिसांना त्रास होणार नाही असे निवेदन

ज्येष्ठ नागरिक मंडळाचं निवेदन लिहायची पाळी तुमच्यावर आली असेल, तर एक पथ्य पाळा: पोलिसांना खरोखर करता येईल असं काही त्यात मागू नका.

समजा, फोंड्याकडच्या एका वसाहतीत लागोपाठ तीन मंगळसूत्रं गेली. तिन्ही सकाळी सहा ते सातमध्ये, देवळाकडून हमरस्त्याला उतरणाऱ्या एकाच वाटेवर. दुचाकीवर दोघे, मागचा उतरून पत्ता विचारतो, पुढचा इंजिन बंद करत नाही. एवढी माहिती हाताशी असताना ती पत्रात घालायचा मोह होतोच, तो आवरा. "परिसरात भीतीचे वातावरण असून गस्त वाढवावी, ही नम्र विनंती" एवढं पुरे. मग गस्त वाढते. रात्री अकरानंतर जीप फिरते, कुत्री भुंकतात, आपण निर्धास्त झोपतो. त्या उताराच्या तोंडाशी बीटच्या शिपायानं पहाटे थांबावं आणि तिथल्या वहीत वेळ टाकून सही करावी, असं मागितलंत तर त्या बिचाऱ्याला खरंच यावं लागेल.

तक्रारींचे क्रमांक तर अजिबात जोडू नका. पहिल्या काकूंनी एफआयआर केला. दुसऱ्यांना ठाण्यावर गोड शब्दांत "हरवल्याचं लिहून द्या" म्हणून सांगितलं, त्यांनी दिलं. तिसऱ्या गेल्याच नाहीत. मुलगा म्हणाला, कोण खेटे घालणार? आता साहेब म्हणतात, "काका, आमच्याकडं एकच केस आहे," आणि ते खोटं बोलत नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्यासाठी 304 हे वेगळं कलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, एफआयआरची प्रत फुकट मिळते. पण हे सभेत बोलू नका. उरलेल्या दोघी उद्याच ठाण्यावर जाऊन बसतील.

हेल्पलाइन मात्र नवीच मागा. 112 आहे, पण त्याचं उद्घाटन आपल्या हातून झालेलं नाही. ज्येष्ठांसाठी 14567 सुद्धा आहे. ती सल्ला आणि आधार देते, सकाळी आठला सुरू होते. चोर सहाला येतात, हा त्यांचा अडाणीपणा. नव्या नंबराचा फोन पहाटे कोण उचलणार, ड्युटी बदलताना तो कुणाच्या हाती जाणार, उचलल्यावर गाडी कुठून निघणार, हे विचारून रंगाचा बेरंग करू नका. फ्रिजवर चिकटवायला नंबर मिळाला की झालं.

पत्र देताना पोचशिक्का मागू नका, संशय घेतल्यासारखं दिसतं. शाल, श्रीफळ आणि फोटो पुरेत. फक्त पहिल्या काकूंना त्या दिवशी नेऊ नका. त्या फोटोसाठी हसायचं सोडून, माझ्या केसचं काय झालं, असं विचारतील.