नवव्या षटकातले आठ चेंडू

क्लबच्या सामन्यात स्कोअरर निवडला जात नाही, उरतो. अकरा जण ठरले, बारावा पाणी न्यायला गेला की सावलीत बसलेला जो कोणी दिसेल त्याच्या मांडीवर स्कोअरबुक येऊन पडतं. "धावा तर लिहायच्यात फक्त," म्हणणारा कर्णधार स्वतः कधी त्या वहीला हात लावत नाही. क्रिकेटच्या नियमांत दोन स्कोअरर सांगितले आहेत. आमच्याकडेही दोन असतात, पण दुसरा पाचव्या षटकात पॅड बांधायला जातो आणि उरलेला मी असतो.

धावा 'फक्त' लिहायच्या नसतात. दर चेंडू तीन ठिकाणी जातो: गोलंदाजाच्या चौकोनात, फलंदाजाच्या ओळीत आणि धावांच्या चढत्या आकड्यांत, जिथे एकेक आकडा खोडत पुढे जायचं. अवांतर असेल तर चौथं घर. क्रम कुठलाही धरा, पण तो दर चेंडूला तोच ठेवा. मी आधी गोलंदाज, मग फलंदाज, मग खोडाखोड असा जातो. डॉट बॉललाही ही फेरी चुकत नाही. "काही झालंच नाही, नंतर टिंब देऊ" असं म्हटलं की ते टिंब कायमचं गेलं, आणि षटकाच्या शेवटी पंच 'ओव्हर' म्हणतात तेव्हा माझ्या वहीत पाचच चेंडू असतात.

सरळ चेंडूंनी कोणी मेलेलं नाही. खरी परीक्षा एखाद्या नवव्या षटकात होते. समजा धावसंख्या २ बाद ४७, स्ट्राइकवर डावखुरा, पलीकडे उजवा.

पहिला चेंडू निर्धाव. टिंब. इथपर्यंत माझं अक्षरही सुंदर असतं.

दुसरा वाइड, तो यष्टिरक्षकाच्या हातून सुटतो आणि दोघे एक धाव पळतात. वाइडची एक आणि पळालेली एक, दोन्ही वाइडच. गोलंदाजाच्या चौकोनात अधिकाची फुली आणि तिच्या एका कोपऱ्यात एक टिंब, अवांतरात २, फलंदाजाच्या ओळीत काहीही नाही. त्याने तो चेंडू खेळलेलाच नाही. धावसंख्या ४९. पण पळाल्यामुळे आता स्ट्राइकवर उजवा आला, हे फुलीच्या नादात विसरलं की पुढचं अख्खं षटक चुकीच्या माणसाच्या नावावर चढतं.

तिसरा चेंडू उजव्याच्या पॅडला लागून एक धाव. पंच गुडघा उचलून त्यावर हात मारतात: लेगबाय. टोक खाली असलेला उलटा त्रिकोण, आत १. टोक वर असता तर तो बाय झाला असता, आणि घाईत काढलेला त्रिकोण नेमका आडवा पडतो. ही धाव गोलंदाजाच्या खात्यावर नाही आणि फलंदाजाच्याही नाही, पण चेंडू मात्र उजव्याने खेळलेला धरायचा. ५० झाले. टाळ्या वाजतात. कोणासाठी, ते कोणालाच माहीत नसतं.

चौथा चेंडू म्हणजे घात. नो-बॉल, आणि डावखुऱ्याने त्यावर चौकार मारला. पंच एकदा हात आडवा करतात, एकदा चौकाराची खूण करतात. प्रत्येक खुणेला मी वेगळा हात वर करायचा, तोवर त्यांनी खेळ पुढे सुरू करायचा नाही असा नियम आहे. वही उडू नये म्हणून एक हात तिच्यावर, दुसऱ्यात पेन्सिल. मग तिसरा हात शोधेपर्यंत सगळं मैदान माझ्याकडे बघत थांबलेलं. नोंद अशी: गोलंदाजाच्या चौकोनात वर्तुळ आणि आत ४, त्याच्या खात्यावर पाच धावा. डावखुऱ्याला ४ धावा आणि एक चेंडू. नो-बॉलच्या घरात १. नवखा स्कोअरर इथे फलंदाजाला ५ देतो किंवा पाचही अवांतरात टाकतो. धावसंख्या दोन्ही वेळा बरोबर ५५च येते, म्हणून चूक तेव्हा दिसत नाही.

पाचवा निर्धाव. सहाव्यावर डावखुरा मारतो, एक धाव पूर्ण होते, दुसरीसाठी दोघे एकमेकांना ओलांडतात आणि उजवा गोलंदाजाच्या टोकाला धावचीत. पूर्ण झालेली एक धाव डावखुऱ्याची, ५६. विकेट पडली, पण गोलंदाजाच्या चौकोनात विकेटची खूण नाही, फक्त १. धावचीत गोलंदाजाचा नसतो. त्याला हे पटवून देणं स्कोअररच्या कामात मोडत नाही, तरी ते करावं लागतं. सातव्यावर डावखुरा झेलबाद. ही विकेट मात्र गोलंदाजाची. दोघांनी धावता धावता एकमेकांना ओलांडलं होतं का, ही चौकशी २०२२ पासून संपली. झेल गेला की नवा फलंदाज स्ट्राइकवर येतो, अपवाद फक्त षटकाचा शेवटचा चेंडू. जुन्या मंडळींना हे सांगायला जाऊ नका. आठवा चेंडू नव्या फलंदाजाने सोडून दिला. टिंब, आणि षटक संपलं.

आता पुढचा गोलंदाज चेंडू घासतोय तोवर हिशेब. धावसंख्या ४७ वरून ५६, म्हणजे ९. फलंदाजांच्या ५, अवांतर ४ (वाइड २, लेगबाय १, नो-बॉल १): ९. गोलंदाजाच्या ८, अधिक लेगबाय १: पुन्हा ९. चेंडू पडले आठ; वाइड वजा जाता फलंदाजांनी खेळलेले सात, म्हणजे डावखुरा ५, उजवा १, नवा १. वाइड आणि नो-बॉल दोन्ही वजा केले की सहा.

तीन बेरजा जुळल्या नाहीत, तर फरकाचा आकडाच चोर दाखवतो. गोलंदाजाच्या बाजूला एक जास्त आली, तर तुम्ही लेगबाय त्याच्या माथी मारला. फलंदाजांची बेरीज चारने कमी आली, तर नो-बॉलवरचा चौकार त्यांच्या ओळीत चढलाच नाही. हे दर षटकाला केलं तर आठ चेंडूंत शोधायचं असतं; डाव संपल्यावर केलं तर चाळीस षटकांत. काही चुका मात्र या बेरजांना दिसत नाहीत. नो-बॉलवरचा चौकार अवांतरात गेला किंवा डावखुऱ्याची धाव उजव्याच्या ओळीत गेली तरी सगळं नऊच्या नऊ जुळतं.

आणि नेमके हे दोघे याच षटकात बाद झाल्यामुळे आता माझ्या डोक्यावर उभे असतात. "माझे किती?" डावखुऱ्याला त्याचे पाच पटतात, पण दोन कमी वाटतात. उजवा पॅडचे पट्टे सोडत सांगतो, "तो लेगबाय नव्हता हो, बॅटची कड होती स्पष्ट." मी म्हणतो, पंचांनी गुडघा दाखवला, मी गुडघा लिहिला. तो म्हणतो, पंचांना काय कळतं. मी मान वर करून पंचांकडे बघतो, तर ते दोन्ही हात आडवे पसरून माझ्या उत्तराची वाट पाहत उभे. दहावं षटक सुरू झालेलं आहे. हा त्यातला कितवा चेंडू, ते मी आता डावखुऱ्यालाच विचारतो.